एक्केचाळीसला एक्केचाळीस

*भोसरीत आमचं मशीनिंगचं युनिट आहे, साठ माणसं. गाड्यांचे सुटे भाग बनवून मोठ्या पुरवठादारांना देतो. ऑफिस आणि भरती दोन्ही माझ्याकडे. क्वालिटी इंजिनियरच्या जागेसाठी २३ अर्ज आले. मी आणि आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरांनी पाच निकषांवर दहा-दहा गुण दिले, तर सात नंबर आणि बारा नंबर दोघांनाही ५० पैकी ४१! सात नंबरकडे अकरा वर्षांचा अनुभव, त्यातली शेवटची काही एका नावाजलेल्या कंपनीत. बारा नंबरची सहाच वर्षं, सगळी लहान युनिटांत, त्यात २०२१ मध्ये नऊ महिने नोकरी नाही. शेठ म्हणतात, सातला घ्या, वजनदार माणूस दिसतो. माझं मन बाराकडे झुकतंय, पण का ते सांगता येत नाही. आमच्याकडे मुख्य काम ग्राहकांच्या तक्रारींचं आहे, नवीन पार्ट वर्षाला एक-दोनच येतात. मनाचा कौल मानू का? नावं झाकून दोन्ही अर्ज आणि गुणपत्रक सोबत जोडते आहे.*

*— एक वाचक, पिंपरी-चिंचवड*

तुमच्या शॉपमध्ये दोन नग वर्नियरवर सारखे आले आणि त्यातला मोठा कोणता हे ठरवायचं असेल, तर तुमचा इन्स्पेक्टर काय करतो? नग हातात धरून "हा जरा जाड वाटतोय" असं म्हणत नाही. मायक्रोमीटर काढतो. वर्नियरचं लीस्ट काउंट ०.०२ मिलिमीटर असेल, तर त्याखालचा फरक त्याला दिसतच नाही. तुमच्या गुणपत्रकाचंही तेच झालंय. ४१ आणि ४१ म्हणजे माणसं सारखी आहेत असं नाही, तुमच्या मापाची ताकद तिथं संपली. आणि खरं तर ४० किंवा ४२ वाला तिसरा कोणी असेल, तर तोही याच गठ्ठ्यात धरायला हवा. दोन जणांनी अंदाजानं दिलेल्या गुणांत एका गुणाचा फरक म्हणजे फरकच नव्हे. तसा कोणी आहे का ते आधी बघा.

आता मनाच्या कौलाबद्दल. तुमचं मन बाराकडे आणि शेठचं साताकडे, म्हणजे मनं दोन आहेत आणि दोघांनाही कारण देता येत नाही. शेठ निदान "वजनदार" म्हणाले. ते वजन बहुतेक कंपनीच्या नावाचं आहे. तुमचं मन बाराकडे का गेलं असेल? कदाचित तुम्ही स्वतः लहान युनिटातून वर आलात म्हणून. मी अंदाज करतोय, चूक असेल तर सोडून द्या.

माझा स्वतःचा किस्सा सांगतो. २००९ साली मी नाशिकच्या एका कारखान्यात पर्सोनेलला होतो. अशीच बरोबरी झाली आणि मी "पोरगा चुणचुणीत वाटतो" म्हणून एकाला घेतलं. तो माझ्याच पॉलिटेक्निकचा होता हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. पोरगा चांगला निघाला. घोटाळा तिथंच झाला, कारण पुढची कित्येक वर्षं मी समजत राहिलो की माझी नजर पक्की आहे. ज्याला घेतलं नाही तो किती चांगला निघाला असता, हे कुणालाच कधी कळत नाही. मनाच्या कौलाची परीक्षा होतच नाही, म्हणून तो नेहमी पास झाल्यासारखा दिसतो.

हे फक्त माझ्यासारख्या एखाद्याचं नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, बदल फक्त नावात. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढं बोलावणं येण्याची संधी साधारण दोन-तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला एक-तृतीयांश. ते अर्ज बाजूला ठेवणाऱ्या माणसांना विचारलं असतं तर बहुतेकांनी "मनाला पटलं नाही" एवढंच सांगितलं असतं. तुम्ही मला अर्ज नावं झाकून पाठवलेत. तीच पट्टी शेठ आणि मॅनेजरांना दाखवायच्या प्रतींवरही चिकटवा. नाव, फोटो, गाव, कॉलेज आणि कंपन्यांची नावं झाका. कंपनीच्या नावाऐवजी "६० माणसं, मशीनिंग" किंवा "२००० माणसं, असेंब्ली" असं पेन्सिलीनं लिहा. कामाचा संदर्भ राहतो, वजन जातं.

मग मायक्रोमीटर कोणता? मी तीन गोष्टी बघतो आणि त्यांचा क्रम बदलत नाही. आधी पुरावा किती पक्का, मग तो किती ताजा, मग माणूस चढतोय की थांबलाय. क्रम महत्त्वाचा, कारण ज्या कामाचा पुरावाच नाही ते काम कालचं असलं काय आणि दहा वर्षांपूर्वीचं असलं काय, हिशेबात धरता येत नाही. आणखी एक अट : किती फरकाला फरक म्हणायचं ते अर्ज पुन्हा उघडण्याआधी कागदावर लिहा. मी तुमच्यासाठी "पुराव्यात दोन गुणांचा फरक असेल तर तिथंच निकाल, नाहीतर पुढच्या पायरीवर" असं धरलंय.

पुराव्याला मी शून्य ते तीन गुण देतो. नुसता शब्द असेल, "एसपीसी, एमएसए माहीत", तर शून्य. "अमुकची जबाबदारी माझ्याकडे होती" याला एक. जबाबदारी दिली होती एवढं कळतं, पार पडली का ते कळत नाही. आकडा असेल तर दोन. आकड्याबरोबर आधी किती होतं, नंतर किती झालं, कुठल्या काळात, आणि या माणसानं नेमकं काय केलं हे असेल तर तीन. टक्केवारीपाशी जरा थांबा. "रिजेक्शन ५० टक्के कमी केलं" हे चार नगांवरून दोन नगांवर आलेलंही असू शकतं. पाया दिला नसेल तर दोनचा एक करा. सर्टिफिकेटला इथं मी गुण देत नाही. दोन दिवसांच्या वर्गाचं ग्रीन बेल्ट असतं, तेव्हा माणूस वर्गात बसला होता एवढंच त्यातून सिद्ध होतं.

सगळा अर्ज पुन्हा तपासायचा नाही. जागेला खरंच लागणाऱ्या तीन कामांसाठी प्रत्येकाची सगळ्यात भक्कम एकच ओळ निवडायची. तुमची तीन कामं मी ग्राहकाच्या तक्रारी, गेजचा अभ्यास, म्हणजे मापायचं साधन किती भरवशाचं हे तपासणं, आणि पीपॅपची, म्हणजे नवीन पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायची, कागदपत्रं अशी धरली.

तक्रारींसाठी सात नंबरची ओळ : "ग्राहक तक्रारी हाताळण्याची जबाबदारी, रिजेक्शनमध्ये लक्षणीय घट." एक गुण. "लक्षणीय" हा आकडा नव्हे. बारा नंबरची ओळ मात्र मी दोनदा वाचली. २२ एच७ चा बोअर लहान येत होता, ग्राहकाकडचं रिजेक्शन १८५० पीपीएम, म्हणजे दहा लाख नगांत १८५० बाद. इन्सर्ट झिजत जाईल तसा बोअर लहान होत जातो हे नगांच्या क्रमानं मापं मांडून दाखवलं, दर ४० नगांना टूल ऑफसेट तपासायचा नियम केला, जानेवारी ते सप्टेंबर २०२३ मध्ये ४२० पीपीएमवर आणलं. २२ व्यासाला एच७ म्हणजे एकूण २१ मायक्रॉनची मुभा. तेवढ्यात टूलची झीज मावत नाही, हे ज्यानं मशीनपाशी उभं राहून बघितलंय त्यालाच असं लिहिता येतं. शिवाय आकडा शून्यावर नेलेला नाही, ४२० वर थांबलाय. मला असा अर्धवट आकडा गुळगुळीत आकड्यापेक्षा जास्त खरा वाटतो. तीन गुण.

गेजच्या अभ्यासाला सात नंबरकडे "एमएसए केले आहे" एवढंच आहे, तेही २०१५ ते २०१८ च्या नोकरीखाली. सैल हातानं एक. बारा नंबर लिहितो की २०२४ मध्ये बोअर गेजचं आर अँड आर, म्हणजे मापांतल्या फरकात गेज आणि मापणाऱ्यांचा वाटा, ३४ टक्के आलं, एअर गेज बसवल्यावर ११. तीसच्या वर गेलं की ते गेज कामाचं नाही, दहाच्या आत उत्तम, मधलं असेल तर काम आणि खर्च बघून चालवायचं, हा धंद्यातला प्रघात तुमच्या मॅनेजरांना माहीत असणार. ११ हा त्या मधल्या पट्ट्यातला आकडा. पण अभ्यास स्वतः केला की कुणाला मदत केली, हे लिहिलेलं नाही. म्हणून दोन.

पीपॅपला बाजी उलटते. सात नंबर : "२०२२ ते २०२४ मध्ये १४ पार्टचे पीपॅप मी तयार करून सादर केले, ११ पहिल्याच फेरीत मंजूर, तीन परत आले ते मापांच्या अहवालातल्या त्रुटींमुळे." परत आलेले तीनही सांगितले आणि कारणासकट सांगितले. पूर्ण तीन गुण. बारा नंबर : "पीपॅपमध्ये सहभाग, २०२२." एक.

बेरीज सात नंबर पाच, बारा नंबर सहा. एकाचा फरक. आपण दोन ठरवला होता, म्हणून इथं निकाल नाही. मोह होतो, मलाही झाला, की सहा मोठे, संपवा. पण मग नियम आधी लिहून ठेवायचं कारणच उरत नाही.

आता ताजेपणा. इथं भरती करणारे एक चूक हमखास करतात : नोकरीच्या तारखा बघतात आणि मोकळे महिने मोजतात. बघायचं असतं ते काम हाताला शेवटचं कधी लागलं. बारा नंबरचे २०२१ चे नऊ महिने या हिशेबात येतच नाहीत, कारण त्याचा सगळा भक्कम पुरावा त्यानंतरचा आहे. त्या नऊ महिन्यांत काय झालं हे विचारायचीही गरज नाही. २०२१ साली घराघरांत काय चाललं होतं ते आपल्याला आठवतंय. उलट सात नंबर एक दिवसही नोकरीबाहेर नाही, पण तक्रारींचं काम ज्या नोकरीखाली लिहिलंय ती २०१८ लाच संपली. त्यानंतर कागदपत्रं आणि ऑडिट. तुम्हाला ज्या कामासाठी माणूस हवाय त्यापासून तो बरीच वर्षं लांब आहे.

सगळं कसब सारख्या वेगानं शिळं होत नाही, हेही ध्यानात ठेवा. मायक्रोमीटर धरायचा हात, ड्रॉइंग वाचायची नजर दहा वर्षांनी जात नाही. शिळ्या होतात त्या पद्धती आणि मानकं. सात नंबरच्या अर्जात "आयएसओ/टीएस १६९४९ अंतर्गत ऑडिटर, २०१४" अशी ओळ आहे. वाहन उद्योगाचं ते क्वालिटीचं मानक मागं पडून ऑक्टोबर २०१६ मध्ये आयएटीएफ १६९४९ आलं आणि सप्टेंबर २०१८ नंतर जुन्या मानकाची प्रमाणपत्रं चालेनाशी झाली. त्याच अर्जात एफएमईएचा, म्हणजे काय काय बिघडू शकतं ते आधीच मांडणाऱ्या तक्त्याचा, उल्लेख आरपीएनच्या, म्हणजे जोखमीच्या गुणाकाराच्या, आकड्यांसकट आहे. २०१९ च्या नव्या हँडबुकात आरपीएनच्या गुणाकाराची जागा कृतीच्या प्राधान्यक्रमानं घेतली. काही ग्राहक अजून जुनाच तक्ता मागतात, त्यामुळं एवढ्यावरून गुण कापू नका. पण "हे नंतर शिकलात का" असा प्रश्न वहीत लिहून ठेवा. तीन कामांपैकी दोन कामांत बारा नंबर ताजा आहे, पीपॅपमध्ये सात नंबर. ताजेपणाचं पारडं बाराकडे, आणि तेही तुमच्या मुख्य कामावर.

चढ मोजताना पदांच्या नावांवर जाऊ नका. लहान युनिटात तीन वर्षांत माणूस मॅनेजर होतो आणि मोठ्या कंपनीत आठ वर्षं सीनियर इंजिनियरच राहतो. विचारायचं ते असं की त्याच्यावर सोपवलेला प्रश्न मोठा होत गेला का. दोघांचीही शेवटची चार वर्षंच घ्या, नाहीतर अकरा वर्षंवाल्यावर अन्याय होतो. सुरुवातीची वर्षं सगळ्यांचीच चढाची असतात, पुढं वेग मंदावतो. बारा नंबर या काळात लाइन इन्स्पेक्शनवरून गेज कॅलिब्रेशनकडे आणि तिथून ग्राहकाच्या तक्रारींच्या बैठकीत स्वतः उत्तर देण्यापर्यंत आलाय. सात नंबर त्याच काळात एकच काम करतोय. चांगलं करतोय, पण तेच.

हा चढ तुमच्या उपयोगाचा आहे का, हे मात्र तुम्ही ठरवायचं. पाच वर्षं त्याच टेबलावर बसून तेच काम नीट करणारा माणूस हवा असेल, तर चढणारा माणूस दीड-दोन वर्षांत राजीनामा ठेवतो आणि तुम्ही पुन्हा २३ अर्ज चाळत बसता. तुमच्याकडे तक्रारींतून प्रोसेस सुधारायला वाव असेल तर तो टिकेल. आणि वर्षाला १०-१२ नवीन पार्ट येणारं युनिट असतं तर मी याच दोन अर्जांवरून सात नंबर म्हटलं असतं, जराही न कचरता.

कागदावर तर बारा नंबर पुढं आहे. पण एवढ्यावर पत्र पाठवू नका. अर्जातला पुरावा म्हणजे शेवटी अर्जदाराचाच शब्द. दुसरं असं की आपण पुरावा मोजला असं म्हणतो तेव्हा बऱ्याचदा अर्ज लिहिण्याची हातोटी मोजलेली असते. कित्येक उत्तम क्वालिटीवाले आपलं काम चार शब्दांत उरकतात. "तक्रारी हाताळण्याची जबाबदारी" या ओळीखाली सात नंबरच्या दहा भारी तक्रारी दडलेल्या असू शकतात. म्हणून दोघांना फोन करा, वीस मिनिटं, तेच तीन प्रश्न, त्याच क्रमानं. मॅनेजरांना बरोबर बसवा आणि दोघांनी आपापले गुण एकमेकांना न दाखवता लिहा.

पहिला प्रश्न : तुम्ही स्वतः सोडवलेली शेवटची ग्राहक तक्रार सांगा. मूळ कारण कसं सापडलं, आणि आधी कुठलं कारण चुकीचं धरलं होतं? शेवटचा भाग गाळू नका. ज्यानं खरंच एट-डी, म्हणजे तक्रारीचं मूळ शोधायची आठ पायऱ्यांची पद्धत, वापरलीय त्याला चुकीची वाट आठवते. ज्यानं फक्त फॉर्म भरला तो थेट उत्तरावर येतो आणि बोलताना "आम्ही, आम्ही" करत राहतो. दुसरा प्रश्न गेजचा : शेवटचा आर अँड आर किती नग, किती माणसं, किती फेऱ्यांवर केला? दहा नग, तीन माणसं, दोन किंवा तीन फेऱ्या हे नेहमीचं उत्तर. ते पाठही असू शकतं, म्हणून पुढं विचारा की ते दहा नग निवडले कसे. सलग निघालेले दहा एकसारखे नग उचलले की नगांमधला फरकच मिळत नाही आणि चांगलं गेजही वाईट दिसतं. हे ज्याला माहीत आहे त्यानं ते भोगलेलं असतं. बारा नंबरचे ३४ टक्के खरे की असेच नग उचलल्यामुळं आलेले, हेही इथंच कळेल. तिसरा प्रश्न : गेल्या वर्षभरात तुमच्याकडे असं कुठलं काम आलं जे आधी दुसरं कोणीतरी करायचं?

एक पथ्य. पुरावा हवा म्हणून जुन्या कंपनीची कागदपत्रं मागू नका. ग्राहकाची ड्रॉइंग आणि पीपॅपची फाइल ही त्या माणसाची मालमत्ता नाही. कोणी आपणहून पेन ड्राइव्ह पुढं केलाच, तर तुमची ड्रॉइंग उद्या कुठं जातील याचा विचार करा. कागदांऐवजी आधीच्या वरिष्ठांचा नंबर मागा, सध्याची नोकरी सुटेपर्यंत तिथं फोन न करता.

गुणपत्रकाबद्दलही बोलतो, कारण बरोबरी तिथून आली. सात नंबरला शिक्षण-अनुभवाच्या रकान्यात ९, बाराला ६. उरलेल्या चार रकान्यांत बेरीज ३२ आणि ३५. अनुभवाचा फायदा त्या चार रकान्यांत एकदा मिळालेलाच असतो, पाचव्या रकान्यात वर्षं मोजून तुम्ही तो दुसऱ्यांदा देता. पण हा रकाना आत्ता खोडून बाराला जिंकवू नका, निकाल दिसल्यावर नियम बदलल्यासारखं होईल आणि शेठ ते बरोबर पकडतील. पुढच्या भरतीला बदला. तेव्हाच तक्रारींच्या रकान्याला दुप्पट वजन द्या, म्हणजे अशी बरोबरी क्वचितच होईल.

शेठना सांगायला एक पान पुरेल : तीन कामं, दोन्ही अर्जांच्या निवडलेल्या ओळी जशाच्या तशा, गुण, आणि फोननंतरचे गुण. "माझं मन म्हणतं" हे त्यात कुठंही नको. ते पान फाइलला लावून ठेवा आणि प्रोबेशन संपताना काढून बघा, ज्या ओळीवर भरवसा ठेवला ती खरी निघाली का.

फोनवर सात नंबरला २०१४ च्या त्या ऑडिटर सर्टिफिकेटबद्दल जरूर विचारा. २०१८ ची मानक बदलायची ती सगळी धावपळ कदाचित त्यानंच निभावली असेल आणि अर्जात जुनी ओळ तशीच राहून गेली असेल. आणि पहिल्या प्रश्नाला त्यानं अलीकडची, स्वतः सोडवलेली एखादी तक्रार चुकीच्या वाटेसकट सांगितली, तर पुराव्याचे गुण पुन्हा मांडा, ताजेपणाचेही, आणि दोन्ही अर्ज परत शेजारी ठेवा.